अंशराशीकरण घ्यावं की पूर्ण पेन्शन? कागद टेबलावर आहेत, सही करायची आहे

निशिगंध

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होतेय. राज्य शासनाची नोकरी, २००५ च्या बरीच आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन. वय ५८.

काल पेन्शनचा प्रस्ताव सहीसाठी हातात आला. आमच्या आस्थापनेतल्या मुलाने सगळं भरून ठेवलं होतं. अंशराशीकरणाच्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याच्या रकान्यात त्याने निळ्या शाईने "४०%" लिहूनही टाकलं होतं. म्हटलं, अरे, मला विचारलंस का? तर म्हणाला, "मॅडम, सगळे चाळीसच घेतात."

सगळे घेतात म्हणून घ्यायचं हे मला पटेना, म्हणून कागद घरी आणले. आकडे असे:

शेवटचं मूळ वेतन ७०,०००. पूर्ण पेन्शन ३५,०००. ४० टक्के विकली तर महिन्याला १४,००० कमी होणार आणि हातात एकरकमी १४,०६,३२८ येणार. कपात १५ वर्षं, म्हणजे ७३ व्या वर्षापर्यंत.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १४,००० गुणिले १८० महिने म्हणजे २५ लाख २० हजार. घ्यायचे १४ लाख आणि द्यायचे २५ लाख? हे म्हणतात, "आपलं आयुष्य सत्तरचं, त्याच्या आत काय ते घेऊन मोकळी हो." माझी आई ९१ व्या वर्षी गेली. मला साखर आहे, गोळीवर आटोक्यात. यांना पेन्शन नाही. मुलगी मार्गी लागलीय. घराचे हप्ते संपलेत. पैशांची तातडीची गरज नाही.

काय करू?

---

मुद्देसूद

ताई, घेऊ नका. सरळ लूट आहे. १४,०६,३२८ ला १४,००० ने भागा. १०० महिने. म्हणजे आठ वर्षं चार-साडेचार महिन्यांत सरकारचे पैसे वसूल. त्यानंतरचे ऐंशी महिने कशाचे? सव्वाअकरा लाख फुकट कापतात. केरळात १२ वर्षांतच पेन्शन पूर्ववत करतात, मग आपल्याकडे १५ का? मी २०१४ ला घेतलं आणि आता हात चोळत बसलोय.

---

रानवाट

मलाही हेच विचारायचं होतं. माझी पेन्शन पीएफ ऑफिसकडून येते, २,७०० रुपये. त्यातली एक तृतीयांश विकता येते असं ऐकलंय. फॉर्म कुठे मिळेल?

---

ताळेबंद

रानवाट, तुमची ईपीएस ९५ ची पेन्शन. तिथली विक्री सप्टेंबर २००८ मध्येच बंद झाली. त्याआधी ज्यांनी विकली होती त्यांना १५ वर्षांनी पूर्ववत करून मिळते, पण आता नव्याने विकता येत नाही. फॉर्म शोधत फिरू नका.

निशिगंध ताई, मी लेखा शाखेत ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ पेन्शनच्या टेबलावर. आधी तुमचा आकडा बरोबर आहे का ते बघू. ५८ पूर्ण झाल्यावर पुढच्या वाढदिवसाचं वय ५९ धरतात आणि अंशराशीकरणाच्या तक्त्यात ५९ समोर ८.३७१ हा गुणक आहे. १४,००० × १२ × ८.३७१ = १४,०६,३२८. बरोबर आहे.

मुद्देसूद, शंभर महिन्यांचं गणित बेरजेपुरतं बरोबर, पण ते बिनव्याजी आहे. आज १४ लाख घेऊन पुढची १५ वर्षं हप्त्याने फेडायचे, तर फेड बिनव्याजी कोण धरेल? घराच्या कर्जातही एकूण फेड मुद्दलापेक्षा कितीतरी जास्त होते. त्याला आपण लूट म्हणत नाही, व्याज म्हणतो. प्रश्न एवढाच की व्याजाचा दर काय पडतो.

आणि १५ वर्षांची मर्यादा आहे हेच आपलं नशीब. पूर्वी एकदा विकलेली पेन्शन मरेपर्यंत कापली जायची. 'कॉमन कॉज' संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला आणि १५ वर्षांनी पूर्ववत करणं रूढ झालं. नोकरीला लागलो तेव्हा साहेबांच्या टेबलावर आजन्म कपातवाले म्हातारे येऊन रडताना मी पाहिलेत.

---

मुद्देसूद

व्याज मान्य. मग दर सांगा की.

---

दशांश

मी सांगतो. मी विमा गणिताच्या बाजूचा माणूस, सरकारी नोकर नाही. पण हा तक्ता माझ्या आवडीचा विषय.

१४,०६,३२८ चं कर्ज, दरमहा १४,००० चा हप्ता, १८० हप्ते. शीटमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=RATE(180,-14000,1406328)*12
```

उत्तर येतं ८.६८ टक्के. म्हणजे ताई १५ वर्षं पूर्ण जगल्या तर त्यांनी सरकारकडून वर्षाला ८.६८ टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं होतं. फुकट नाही, पण सावकारीही नाही.

गंमत पुढे आहे. हा तक्ता सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी बदलला, तेव्हा त्यात व्याजदर ८ टक्के धरला होता. आधीच्या तक्त्यात तो ४.७५ टक्के होता, म्हणून तेव्हा ५९ ला १०.४६ मिळायचे. मग ८ आणि ८.६८ मधला फरक कशाचा? तो मृत्यूचा. कर्जदार गेला की हे कर्ज तिथेच संपतं. वारसांकडून एक रुपया वसूल होत नाही. त्या माफीची किंमत सगळ्यांच्या हप्त्यात वाटलेली आहे.

म्हणून "१४ विरुद्ध २५ लाख" ही तुलना इथे लागूच होत नाही. हे असं कर्ज आहे जे लवकर गेलेल्याला माफ होतं आणि ज्याची किंमत जास्त जगलेला भरतो.

---

सायसाखर

"वारसांकडून वसूल होत नाही" यावर माझं ऐका. माझे मिस्टर निवृत्तीनंतर चौदाव्या महिन्यात गेले. अंशराशीकरण घेतलेलं होतं. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद द्यायला गेले तर काउंटरवरच्या माणसाने ठणकावून सांगितलं, "उरलेली पावणेचौदा वर्षं कपात तुमच्या पेन्शनमधून होईल." घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. नंतर कोषागारात एका बाईंनी मला त्यांच्या आदेशातली ओळ बोट ठेवून दाखवली तेव्हा जीव भांड्यात पडला. कपात नाही म्हणजे नाही.

---

मुद्देसूद

माफ करा, पण माझ्या मावशीच्या बाबतीत कपात झालीच. काकांना कापून २१,००० मूळ पेन्शन मिळायची. ते गेल्यावर काही वर्षांनी मावशीच्या पासबुकातही तेच २१,००० मूळ. मग कपात चालूच राहिली ना?

---

ताळेबंद

हा गोंधळ मी शंभरदा पाहिलाय, आणि त्यात तुमची चूक नाही. आकडाच तसा फसवा आहे.

पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या वेतनाचे ५० टक्के. त्यातली ४० टक्के विकली की हातात उरतात वेतनाचे ३० टक्के. आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा साधा दरही वेतनाच्या ३० टक्केच आहे. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा येतो. काकांनी एक पैसा विकला नसता तरी मावशींना २१,००० च आले असते.

ताळा करायचा असेल तर मावशींचं जुनं पासबुक काढा. काका लवकर गेले असतील तर पहिली काही वर्षं त्यांना वाढीव दराने, म्हणजे ५० टक्क्यांनी, ३५,००० मूळ मिळाले असतील. काकांना मिळत होते त्याहून जास्त. कपात चालू असती तर हे झालंच नसतं.

---

मुद्देसूद

पासबुक पाहून सांगतो.

---

निशिगंध

सायसाखर ताई, वाचून वाईट वाटलं.

दशांश, कर्जाची उपमा कळली. पण मी कर्ज घेऊन करू काय? समजा सगळे पैसे ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले. १४,०६,००० वर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २८,८२३ येतात, महिन्याला ९,६०८. आणि माझे जाणार १४,०००. म्हणजे दरमहा साडेचार हजारांची खोट. मग तोटाच ना?

---

दशांश

इथे एक गोष्ट सुटतेय. त्या ९,६०८ च्या मागे १४,०६,००० मुद्दल शाबूत पडलेलं आहे. पेन्शनच्या १४,००० मागे काहीच शिल्लक राहत नाही, महिना संपला की ते संपले. व्याजाची तुलना पेन्शनशी नाही करायची. तुलना अशी: पैसे योजनेत ठेवा, दर महिन्याला बरोबर १४,००० काढत जा, व्याज पुरलं नाही तर मुद्दलातून काढा. तुमच्या घरात तेवढेच पैसे येत राहतील जणू विकलंच नाही. आता बघा पैसे किती महिने पुरतात.

८.२ टक्के दर कायम राहिला असं धरलं तर १७० महिने. पाहिजेत १८०. म्हणजे शेवटचे दहा हप्ते पदरचे. अर्थात १४ वर्षं कोणी हा दर कायम ठेवत नाही. लांबच्या पल्ल्याला सुरक्षित जागी ७ टक्के धरू. मग पैसे १५१ महिने पुरतात, १२ वर्षं ७-८ महिने. ६ टक्के धरले तर ११ वर्षं ८ महिने.

हाच खरा आकडा आहे ज्याच्याशी आयुष्याची तुलना करायची. ७ टक्क्यांनी तुमचा काटा ७० वर्षं ८ महिन्यांवर आहे. त्याच्या आधी गेलात तर विकणारी जिंकली, नंतर गेलात तर पूर्ण पेन्शन घेणारी. आणि ७३ नंतर दोघी सारख्या, तिथून पुढे कितीही जगा, तोटा वाढत नाही. म्हणून आई ९१ पर्यंत जगली हे इथे फारसं कामाचं नाही. प्रश्न एवढाच की तुम्ही ७३ गाठाल का.

---

निशिगंध

हे म्हणतात सत्तर! मग अगदी काट्यावरच आहे की.

---

दशांश

तुमच्या "ह्यांना" सांगा, सत्तर हा आकडा जन्मलेल्या बाळाचा आहे. २०१६-२० च्या नमुना नोंदणीत देशाचं आयुर्मान ७० आलं, बायकांचं ७१.४, पुरुषांचं ६८.६. त्यात तान्ही बाळं, अपघातात गेलेली तरुण पोरं सगळी मोजलेली असतात. तुम्ही त्या सगळ्या धोक्यांतून पार होऊन ५८ ला पोचलात. साठीला पोचलेल्या माणसाची सरासरी अजून १८ च्या आसपास वर्षं शिल्लक असतात, बायकांची थोडी जास्त. म्हणजे ७८, सत्तर नव्हे.

पण सरासरीवरही निर्णय करू नका, कारण सरासरी कोणीच जगत नाही. १०० जणांचा हिशोब करू. सगळ्यांची कागदपत्रं तुमच्यासारखीच. समजा १५ वर्षांत २५ जण जातात, साधारण सारख्या अंतराने, आणि ७५ जण ७३ गाठतात. हे २५ मी ताळ्यासाठी धरलेत, कोणत्या तक्त्यातून उचललेले नाहीत. दर ७ टक्के.

जे ७३ गाठतात त्यांनी पूर्ण पेन्शन घेतली असती तर १८० हप्त्यांची आजची किंमत १५,५७,००० च्या आसपास झाली असती. मिळाले १४,०६,०००. प्रत्येकाचा तोटा दीड लाख. ७५ जणांचा मिळून १ कोटी १३ लाख.

जे आधी जातात त्यांचा फायदा कधी गेले त्यावर. पाचव्या वर्षाअखेर गेलेल्याला जवळपास सात लाखांचा. चौदाव्या वर्षी गेलेल्याला उलट थोडा तोटाच. सरासरी काढली तर प्रत्येकी ४ लाख ९४ हजार, २५ जणांचे १ कोटी २३ लाख.

एका पारड्यात १.१३, दुसऱ्यात १.२३. प्रत्यक्षात माणसं शेवटच्या वर्षांत जास्त जातात, त्यामुळे दुसरं पारडं थोडं हलकं होतं. म्हणजे जवळजवळ बरोबरी. तक्ता बांधणाऱ्याने आपलं काम चोख केलंय. सरकार लुटतही नाही आणि दानही करत नाही.

---

कोकणकडा

मग एवढी चर्चा कशाला? नाणं उडवा.

---

दशांश

शंभरांसाठी नाणं. ताई मात्र एकच आहेत. तोटा झाला तर दीड लाख, १५ वर्षांवर पसरलेला. फायदा झाला तर पाच-सात लाख, पण तो त्यांच्या मागे उरलेल्यांना. त्यांच्या घरात त्यांच्यानंतर पैशांची गरज किती, हा प्रश्न शीट सोडवत नाही.

---

सह्यगिरी

मी वर्ग एकमधून निवृत्त झालो. मला सगळ्यांनी एकच कारण सांगितलं होतं: एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त, पेन्शन मात्र पगारासारखी करपात्र. त्यावर मी डोळे मिटून ४० टक्के घेतलं. ते चुकलं का?

---

दशांश

तुमच्या बाबतीत नाही चुकलं. २० टक्क्यांच्या पायरीवर असाल तर १४,००० मधले सेससकट २,९१२ कराचे. हातातून खरे जातात ११,०८८ च. मग तेच १४,०६,३२८ चं कर्ज ५ टक्क्यांच्या आतबाहेर पडतं. ते पैसे ८.२ टक्क्यांत ठेवून व्याजावर २०.८ टक्के कर भरला तरी साडेसहा उरतात. घ्यायलाच हवं होतं.

पण ताईंचं वेगळं. ३५,००० अधिक महागाई वाढ ५५ टक्के धरली तर १९,२५०, मिळून ५४,२५०. वर्षाचे साडेसहा लाख. २०२५-२६ पासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, वर प्रमाणित वजावट ७५,००० वेगळी. त्यांनी पूर्ण पेन्शन घेतली तरी कर शून्य आणि विकली तरी शून्य. "करमुक्त आहे म्हणून घ्या" हा सल्ला त्यांच्यासाठी आता शिळा झालाय. तो अजून सगळीकडे फिरतोय, कारण देणाऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी घेतलं होतं.

---

ताळेबंद

एक भर. ताईंनी विकलं तरी महागाई वाढ ३५,००० वरच मिळेल, उरलेल्या २१,००० वर नाही. हातात येतील २१,००० अधिक १९,२५०, म्हणजे ४०,२५०. खूप जणांना वाटतं महागाईही कमी होते. आणि पुढच्या वेतन आयोगाने पेन्शन वाढली तरी कपात १४,००० च राहते, ती वाढत नाही. पंधराव्या वर्षी ते १४,००० आजच्या एवढे बोचत नाहीत.

पहिली पेन्शन आली की पावतीवर हे तीन आकडे वेगवेगळे बघा: पूर्ण पेन्शन, कपात, महागाई. महागाई २१,००० वर काढली असेल तर ११,५५० दिसतील. तिथल्या तिथे अर्ज द्या.

---

कोकणकडा

मघाशी नाण्याचं गमतीत लिहिलं, पण माझ्याकडे खरी गोष्ट आहे. बाबा २००७ ला निवृत्त झाले. २०२२ ला १५ वर्षं झाली, आम्ही निवांत. पाच महिने पूर्ववत झालंच नाही. आईने वही काढली, कपात सुरू झाल्याची तारीख दाखवली, अर्ज केला, मग थकबाकीसकट आलं. पण पूर्ण नाही! दोन हजार रुपयांच्या घरात अजून कापत होते. आम्ही दुसरा अर्ज करायच्या तयारीत होतो.

---

ताळेबंद

तो चुकीचा नव्हता. सहावा आयोग आपल्याकडे २००९ मध्ये लागू झाला, पण १-१-२००६ पासून. बाबांची पेन्शन मागून वाढली, वाढीव भागाचंही अंशराशीकरण झालं असणार आणि ते पैसे नंतर मिळाले. त्या तुकड्याची १५ वर्षं वेगळी मोजतात. दोन कपाती, दोन तारखा.

---

कोकणकडा

हो, तसंच निघालं. दुसरा तुकडा २०२५ ला सुटला. आधी कळलं असतं तर आईची दोन वर्षांची भुणभुण वाचली असती.

---

ताळेबंद

म्हणून ताई, महालेखापालांकडून तीन आदेश येतील: निवृत्तिवेतनाचा, उपदानाचा आणि अंशराशीकरणाचा. तिसऱ्याची झेरॉक्स काढून तिच्यावर पैसे बँकेत जमा झाल्याची आणि कपात सुरू झाल्याची अशा दोन्ही तारखा स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. १५ वर्षांनी टेबलावर कोण असेल देव जाणे. माझ्या शेजाऱ्यांची कपात पैसे येण्याच्या दोन महिने आधीच सुरू झाली होती. अर्ज केल्यावर ती परत मिळाली, पण आधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

---

दशांश

ताळेबंद, मला एक विचारायचंय. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही ना?

---

ताळेबंद

नाही लागत. वर्ष उलटलं की तपासणी आणि मग वैद्यकीय मंडळाचं मत. प्रकृती बरी नसेल तर ते वय वाढवूनही धरू शकतात, म्हणजे पैसे कमी.

---

दशांश

मग ताईंनी आज काहीच न विकता दहा महिने थांबावं की! पुढच्या वाढदिवसाचं वय तोवर ५९ च, म्हणजे ८.३७१ कायम. दहा महिने पूर्ण ३५,००० घ्यायचे. प्रकृतीत काही निघालं तर अर्ज करायचा, नाही निघालं तर विचार करायचा. वाढदिवस ओलांडला तर ६० ला ८.२८७, १४,११२ रुपये कमी होतात, तेवढंच. हा मधला काळ फुकटचा विमाच आहे.

---

ताळेबंद

कागदावर तुमचं खरं. पण मी त्या टेबलावर बसलोय म्हणून सांगतो. प्रस्तावासोबतचा अर्ज एकत्र जातो. नंतरचा सुटा अर्ज कार्यालयातून निघून महालेखापालांकडे जाऊन परत येईपर्यंत काय होतं ते विचारू नका. तोवर वाढदिवस उलटला, वर्ष उलटलं, तारखेवरून वाद. आणि मधल्या दहा महिन्यांत अर्ज करायच्या आधीच माणूस अचानक गेला तर वारसांना यातलं काही नाही. अर्ज केलेला असेल, तो लागू झाला असेल आणि पैसे यायच्या आधी गेला, तर नामनिर्देशिताला मिळतात.

---

दशांश

साखर अचानक नेत नाही.

---

सायसाखर

आमच्याकडे अचानकच होतं. साखरही नव्हती.

---

दशांश

खरंय, मी घाईत लिहिलं. तुमचं म्हणणं मान्य. तरी थांबण्याचा पर्याय आहे हे ताईंना माहीत असावं एवढंच.

---

रानवाट

माझा प्रश्न चुकला होता हे कळलं. पण एक विचारतो, ४० च का? २० घेता येत नाही का?

---

ताळेबंद

येतं! हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. ४० ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला आकडा नाही. १० घ्या, २५ घ्या. पण एकदा लागू झालं की परत फिरता येत नाही, "पैसे परत घ्या आणि पेन्शन पूर्ण करा" चालत नाही.

---

निशिगंध

सगळं दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचायला लावलं. सत्तरचा हट्ट सोडला त्यांनी, पण आता म्हणतात "मग तू ७८ पर्यंत जगणार म्हणजे मला तोवर जगावं लागणार."

आमचं असं दिसतंय. कर नाही, त्यामुळे ते कारण गेलं. कर्ज नाही, त्यामुळे फेडायला पैसे नकोत. माझ्यामागे ह्यांना ३० टक्क्यांची कुटुंब पेन्शन मिळेलच, मी लवकर गेले तर सुरुवातीला वाढीव दराने. पण त्यांना स्वतःचं असं काही नाही, आणि माझी साखर बारा वर्षांची आहे हे वर लिहिलं नव्हतं. म्हणून सगळं सोडायलाही मन होत नाही. २० टक्क्यांवर आलोय: महिन्याला ७,००० जातील, ७,०३,१६४ येतील, ते ज्येष्ठ नागरिक योजनेत. मी साठीच्या आतली, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं असं पोस्टात सांगितलं.

दशांशांचं थांबण्याचं मात्र डोक्यातून जात नाहीये. ताळेबंद, समजा आज २० टक्के घेतले तर वर्षाच्या आत उरलेल्या २० साठी दुसरा अर्ज करता येतो का?

---

ताळेबंद

वेतन आयोगाने मागून पेन्शन वाढली तर वाढीव भागाचं होतं, ते वर आलंच. पण स्वतःहून उरलेल्या टक्क्यांसाठी दुसरा अर्ज माझ्या नऊ वर्षांत एकही आला नाही, त्यामुळे ऐकीव उत्तर देणार नाही. प्रस्तावावर सही करण्याआधी आस्थापनेकडून लेखी विचारून घ्या. तोंडी "हो मॅडम, होतं" वर जाऊ नका.

---

निशिगंध

उद्या देते अर्ज. आणि त्या निळ्या शाईच्या ४० वर काट मारून २० केलं तर चालेल, की नवा फॉर्म?

---

ताळेबंद

नवा फॉर्म. खाडाखोड पाहिली की प्रकरण परत येतं.

---

मुद्देसूद

मावशीचं पासबुक मिळालं. काका २०१९ ला गेले. त्यानंतरच्या नोंदींत मूळ ३५,००० च्या जवळचा आकडा आहे आणि पुढे तो २१,००० झालाय. म्हणजे ताळेबंद म्हणतात तेच. तरी १५ वर्षं जास्तच आहेत.